मांजरांची पंगत मोडा

वैभववाडी तालुका सिंधुदुर्गातला असला तरी त्याला समुद्र लागत नाही. तो सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेला आहे, आणि मासळी त्याच्याकडे किनाऱ्यावरून वर चढून येते. घरात बांगडा आला की तो दिवस माणसांइतकाच मांजरांचाही असतो. बाई विळी घेऊन मागीलदारी बसली की पहिला काप पडायच्या आत सगळी मांजरं तिच्याभोवती जमलेली असतात. मुंडकी आणि शेपट्या एका ताटलीत पडतात, वर मूठभर भात येतो, आणि तीन-चार मांजरं डोक्याला डोकं लावून खाऊ लागतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, किती गुण्यागोविंदानं जेवताहेत.

जरा खाली बसून बघावं. एक दणकट बोका ताटलीच्या मधोमध तोंड घालून असतो. दुसरं मांजर अंग चोरून, न चावता घास गिळत असतं आणि त्याचे कान मागे वळलेले असतात. तिसरं हातभर लांब बसून भिंतीकडे पाहत असतं, जणू त्याला भूकच नाही. त्याला भूक आहे. बोक्यानं मघाशी एकदा मान वर करून त्याच्याकडे रोखून पाहिलं होतं, तेवढं त्याला पुरलं. एवढ्यात कुठे फिस्कारणं झालं नाही, पंजा उगारला गेला नाही, म्हणून घरातल्या कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. दुपारी तेच तिसरं मांजर ओट्यावरच्या टोपातला तुकडा पळवतं, आणि चोर म्हणून मार खातं.

एका घरात राहणाऱ्या मांजरांमधली अन्नावरची ओढाताण बहुतेक वेळा अशी मुक्यानं चालते. ती समजायला आधी मांजराचं पोट आणि त्याची शिकार समजून घ्यावी लागते.

आपल्या घरातल्या मांजराचा मूळपुरुष म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकट्यानं शिकार करतं आणि एकट्यानं खातं. सिंह किंवा रानकुत्रे कळपानं मोठं जनावर पाडतात, त्यामुळे त्यांना एका शवाभोवती जेवायची सवय असते. मांजराची शिकार म्हणजे उंदीर. एका उंदरातून साधारण 30 कॅलरी मिळतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला 200 ते 250 कॅलरी लागतात, म्हणजे दिवसाला सातआठ उंदीर, दिवसभरात आणि रात्रभरात विखुरलेले. उंदीर वाटून खाण्याजोगा नसतो. पिलांना आणून देणारी आई सोडली, तर वाटून खाण्याचा प्रसंगच मांजराच्या आयुष्यात येत नाही. म्हणून मोठ्या मांजराला पंगतीची सवय उपजत नसते. आपण त्याला दोन वेळा, एका जागी, एका ताटलीत वाढतो तेव्हा त्याच्या स्वभावातल्या तिन्ही गोष्टींविरुद्ध वाढत असतो.

इथे एक शंका सहज येते. हीच मांजरं रात्री एकमेकांच्या अंगावर पाय टाकून चुलीच्या उबेला झोपतात, एकमेकांना चाटतात, मग खाताना वैर कुठून येतं? मोकाट मांजरांच्या वस्त्यांमध्ये नात्यातल्या माद्या एकत्र राहतात, एकमेकींची पिलंसुद्धा पाजतात. तरी शिकार ज्याची त्यानं करायची असते. मांजरांच्या जगात जवळीक आणि जेवण ही दोन वेगळी खाती आहेत. एकत्र झोपणाऱ्या मांजरांना एकत्र खायला आवडतं असं धरून चाललं की चूक होते. उलट, एका ताटलीत खातात म्हणजे त्यांचं पटतं असंही नाही. अन्न एकाच जागी मिळणार असेल तर एकमेकांना सहन करत ती तिथे येतात.

आता एक घर डोळ्यांसमोर धरू. वैभववाडीकडचं जुन्या धाटणीचं कौलारू घर: पुढे खळं, मग पडवी, आत माजघर, बाजूला कोठीची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला मागीलदार, आणि परसात गुरांचा मांगर. घरात तीन मांजरं आहेत असं समजा. पाच किलोचा बोक्या, तीन किलोची वयस्क मनी, आणि तिची सहा महिन्यांची दोन किलोची पोर चिमी. घरातली आजी म्हणते, "ह्या बोक्याक कितीय घाला, प्वाट भरणाच नाय."

या तिघांची गरज मांडली की पहिलं आश्चर्य वाटतं ते चिमीचं. ती बोक्याच्या निम्म्याहून कमी वजनाची, पण वाढीचं वय असल्यामुळे तिलाही दिवसाला त्याच्याइतक्याच, 250 च्या आसपास कॅलरी लागतात. मनीचं 180-190 वर भागतं. उकडलेला, काटे काढलेला मासा दोन भाग आणि भात एक भाग असं कालवण केलं तर त्याच्या 100 ग्रॅममध्ये ढोबळ मानानं 120 कॅलरी येतात. म्हणजे बोक्याला आणि चिमीला दिवसाला प्रत्येकी दोनशे ग्रॅम आणि मनीला दीडशे ग्रॅम, एकूण साडेपाचशे ग्रॅम. घरात तेवढं रोज शिजतही असेल. पण एका ताटलीत वाढलं आणि त्यातलं साडेतीनशे ग्रॅम बोक्यानं उचललं, तर मायलेकींना मिळून दोनशेच उरतं, जिथे त्यांना साडेतीनशेची गरज आहे. आजीचं निरीक्षण बरोबर आहे, बोक्याचं पोट भरत नाही असं दिसतं. पण वाढवलेलं वाढपही त्याच्याच पोटात जातं. ताटली एकच असेल तर अन्न वाढवून उपाशी मांजर पोसलं जात नाही. आधीच जाड असलेला बोका तेवढा अधिक जाड होतो.

बोक्याला मात्र दोष देऊन उपयोग नाही. तो दुष्टपणानं वागत नाही. ताटली कधी येईल याची खात्री नाही आणि आली की दोन मिनिटांत संपते, एवढंच त्याला कळलेलं आहे, म्हणून तो घाईनं खातो आणि दुसऱ्याला अडवतो. अडवण्याच्या त्याच्या तऱ्हा ओळखायला शिकलं पाहिजे. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आडवं पसरून राहणं ही त्यातली नेहमीची. आपल्याला वाटतं ऐसपैस लोळलाय, पण मनीला आत यायला तेवढी एकच वाट असते. दुसरी तऱ्हा रोखून पाहण्याची: डोळे न मिटता, मान स्थिर, फक्त शेपटीचं टोक हलतंय. तिसरी, आपली ताटली संपवून सावकाश चालत दुसऱ्याच्या ताटलीशी जाणं. दुसरं मांजर तो पोचायच्या आधीच बाजूला होतं. या प्रत्येक प्रसंगात मार खाणारं कुणी नाही, पण उपाशी राहणारं आहे.

दबलेल्या मांजराच्याही खुणा असतात. ते सगळे झोपल्यावर येऊन रिकामी ताटली चाटतं. तुकडा तोंडात धरून मांगराकडे पळतं. भराभर गिळून थोड्याच वेळात न पचलेलं अन्न जसंच्या तसं ओकतं. आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे माणसांच्या अन्नावर डोळा ठेवतं. घरात चोरी करणारं मांजर आणि आपल्या वाट्याला मुकलेलं मांजर पुष्कळदा एकच असतं.

कोकणातल्या घरांनी मांजराच्या चोरीवर फार पूर्वी शिंकं हा उपाय काढला. दूध-दही, तळलेले मासे शिंक्यावर टांगून ठेवले की निर्धास्त. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं, ही म्हण त्यातूनच आली. पण शिंकं माणसाचं अन्न मांजरापासून राखतं. एका मांजराचं अन्न दुसऱ्यापासून राखण्याची सोय घरात कुणी केली नाही, कारण तशी गरज आहे हेच कुणाला जाणवलं नाही.

ती सोय म्हणजे जेवणाच्या वेगळ्या जागा. इथे बहुतेक जण एक गोष्ट अर्धवट करतात. तीन ताटल्या आणतात आणि एकाच भिंतीशी ओळीनं, वीतभर अंतरावर मांडतात. मांजराच्या दृष्टीनं ती अजून एकच जागा असते. बोक्या एका ताटलीवरून दुसरीवर सरकतो, एवढाच फरक पडतो. वेगळी जागा म्हणजे खाताना दुसरं मांजर दिसणार नाही अशी जागा. पाच फुटांवर पण नजरेसमोर असलेल्या ताटलीपेक्षा दोन फुटांवर पण भिंतीआड असलेली ताटली बरी. मांजरांच्या गरजांविषयी अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय पशुवैद्यक संघटनांनी 2013 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अन्न, पाणी, निजायची जागा या गोष्टी अनेक आणि एकमेकींपासून दूर असाव्यात हा मुद्दा ठळकपणे आहे.

आपल्या घरात ते असं बसवता येईल. बोक्याची ताटली कोठीच्या खोलीत, आणि खाईपर्यंत दार ओढलेलं. मनीची ताटली स्वयंपाकघरात, पण कोपऱ्यात कोंडलेली नको. मांजराला खाताना पाठीशी आडोसा आणि डोळ्यांसमोर दार हवं असतं, आणि शक्य असेल तर निसटायला दुसरी वाट. स्वयंपाकघराला माजघराकडचं दार आणि मागीलदार अशा दोन वाटा आहेत, तेव्हा दोन्ही दिसतील अशी भिंतीलगतची जागा तिला द्यावी. चिमी चपळ आहे. तिला माजघरात माळ्याच्या जिन्याची वरची पायरी किंवा कपाटाची रुंद फळी चालेल. म्हाताऱ्या किंवा जाड मांजराला उंचीवर चढवू नये; सांधे दुखत असले तर ते अन्न सोडेल पण उडी मारणार नाही. पाण्याची भांडी ताटल्यांना चिकटून ठेवू नयेत, आणि तीही दोन-तीन ठिकाणी असावीत. एकाच भांड्यावर बोक्या पहारा देत बसला तर मनी पाणीही कमी पिते.

वाढण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बोक्याला कोठीत बोलावून वाढावं आणि दार लावावं, मग मनीला, मग चिमीला. आपल्याला वाटतं, दुबळ्याला आधी द्यावं. पण मोकळा बोक्या घरात असताना मनीपुढे ताटली ठेवली की तो तिथेच येणार, आणि मग त्याला उचलून न्यायची झटापट मनीच्या जेवणाच्या वेळी तिच्याच डोळ्यांपुढे होते. वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्या ताटल्या उचलाव्यात, उरलेलं झाकून ठेवावं आणि मगच कोठीचं दार उघडावं. दार आधी उघडलं आणि मनीच्या ताटलीत दोन घास असले, तर आठवडाभराची मेहनत वाया जाते. बोक्याला कळतं की लवकर बाहेर पडलं की तिकडे काहीतरी मिळतं.

दोन मोठ्या जेवणांऐवजी तेच अन्न चार वेळा वाढलं तर घाई आपोआप कमी होते. सकाळी चूल पेटल्यावर, दुपारी, तिन्हीसांजेला आणि झोपण्यापूर्वी, म्हणजे बोक्याच्या वाट्याला दर वेळी पन्नासएक ग्रॅम. वेळा शक्यतो रोज त्याच असाव्यात. घाबरट मांजर घड्याळ ओळखायला शिकतं, आणि अन्न नक्की येणार हे कळलं की ते राखत बसण्याचं कारण उरत नाही. बोक्या तरीही हपापून गिळत असेल तर त्याचं अन्न खोल वाटीऐवजी मोठ्या ताटात पातळ पसरून द्यावं.

अन्नाचं रूपही भांडण ठरवतं. बांगड्याचं अख्खं मुंडकं मिळालेलं चार महिन्यांचं पिल्लूसुद्धा त्यावर दोन्ही पाय ठेवून वाघासारखं गुरगुरतं. मुंडकं म्हणजे त्याच्या लेखी शिकार: उचलून नेता येतं, राखता येतं, हिसकावता येतं. तोच मासा उकडून, काटे काढून भातात कुस्करला की राखण्याजोगं काही राहत नाही. म्हणून मुंडकी द्यायचीच असली तर ती वेगळ्या खोल्यांतच द्यावीत. आणि माणसांच्या कालवणातलं तर मुळीच देऊ नये. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी नष्ट करतात.

मांजरं एका ताटलीला सरावलेली असतील तर हा सगळा बदल एका दिवसात करू नये, नाहीतर मनी नव्या जागी खायचंच सोडेल. आधी तीन ताटल्या आत्ताच्या जागी, पण हातभर अंतरावर. मग दर दोन-तीन दिवसांनी त्या आपापल्या नव्या जागेकडे थोड्या थोड्या सरकवत न्याव्यात. मधल्या काळात नजर अडवायला सूप किंवा पुठ्ठा उभा केला तरी पुरतो. अशा चालीनं दोन-तीन आठवड्यांत जागा बसतात. दरम्यान बोक्याला हाणणं, पाणी मारणं अजिबात नको. मार बोक्याला बसला तरी भीती मनीला बसते, आणि जेवणाची वेळ तिला धोक्याची वाटू लागते.

या मांडणीला घरात बहुधा माणसंच सुरुंग लावतात. मुलं शाळेतून आल्यावर बोक्याला बिस्कीट देतात, आजी प्रेमानं तुकडा टाकते, पाहुणे ताटातलं घालतात. मग कोठीतल्या जेवणाची बोक्याला पर्वा राहत नाही आणि पाटाशी घिरट्या घालण्याची सवय मात्र पक्की होते. मांजरांना कोण, कुठे आणि कधी वाढणार हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं.

कोकणात वर्षातला एक काळ यासाठी विशेष जपण्याचा आहे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळी दुर्मिळ आणि महाग होते. त्याला लागूनच श्रावण येतो आणि पुष्कळ घरांतून मासे-मटण हद्दपार होतं. बाहेर पाऊस कोसळत असतो, त्यामुळे एरवी दिवसभर पांगणारी मांजरं पडवीत आणि चुलीशी एकत्र कोंडली जातात. अन्न कमी, जागा कमी आणि मांजरं तितकीच. चोऱ्या आणि गुरगुर वाढते ती यामुळे. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागतं, ते मांस-मासळीतूनच मिळतं. दूधभातावर मांजर वरवर जगलेलं दिसलं तरी आतून खंगत जातं. माणसांनी श्रावण जरूर पाळावा, पण मांजरांसाठी त्या दिवसांत बाजारातलं मांजरांचं कोरडं खाद्य आणून ठेवावं. बोक्याला आणि चिमीला ते दिवसाला 65 ते 70 ग्रॅम पुरतं, मनीला पन्नास. पावसात मुंग्याही लागतात. मोठ्या ताटात बोटभर पाणी घालून त्यात ताटली ठेवली की काम होतं.

या उपायाच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. घरात शेजारचा किंवा मोकाट बोका घुसून खात असेल तर ताटल्या वेगळ्या करून तो थांबत नाही. त्यासाठी अन्न घराच्या आत आणि वेळेपुरतंच हवं, खळ्यात किंवा मांगरात रात्रभर काही उरता कामा नये. मांजरं रक्त निघेपर्यंत भांडत असतील तर तंटा अन्नापुरता नाही. बोक्याचं खच्चीकरण झालं नसेल तर ते करून घ्यावं, आणि तोवर त्यांना वेगळं ठेवावं. चावल्याच्या जखमा वरून लहान दिसतात, आत पू धरतात. आणि जे मांजर आजवर शहाणं होतं ते अचानक अधाशी झालं, खाऊनही वाळत चाललं, तर ते हावरेपण नसून आजार असू शकतो: जंत, मधुमेह, किंवा वयस्क मांजरांत गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा वाढलेला जोर. उलट, मनी ताटलीशी जाते, वास घेते आणि मागे फिरते, तर बोक्याला दोष देण्याआधी तिचं तोंड उघडून दात आणि हिरड्या बघाव्यात.

सगळं जमलं की नाही हे कळायची एकच भरवशाची खूण आहे, वजन. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहावं, मग एकट्यानं उभं राहून वजा करावं. चिमीसारखं लहान असेल तर पिशवीत घालून किराण्याच्या काट्यावर. दर पंधरा दिवसांनी आकडा कॅलेंडरवर लिहावा. चिमीचा आकडा चढत राहिला पाहिजे, मनीचा स्थिर राहिला पाहिजे, आणि बोक्या जाड असेल तर त्याचा अगदी सावकाश, आठवड्याला वजनाच्या शेकडा एक-दोनपेक्षा अधिक नाही, उतरला पाहिजे. जाड मांजराला एकदम उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस अन्न तुटलं तरी त्याच्या यकृतात चरबी साचून ते जिवावर बेततं. मनीच्या तीन किलोंतले तीनशे ग्रॅम गेले, तर तिचा दहावा भाग गेला हे लक्षात ठेवा.

तुमच्या घरात एकाहून अधिक मांजरं असतील, तर पुढच्या वेळी ताटली ठेवून लगेच वळू नका. दोन मिनिटं तिथेच थांबा आणि खाणाऱ्या मांजराऐवजी न खाणाऱ्या मांजराकडे पाहा. ते पूर्ण एक दिवस काहीच खात नसेल, तर ताटल्यांच्या जागा बदलत बसू नका, त्याच दिवशी त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.